लाखेची वाटी, पाण्याचा थेंब आणि करंजाड्यावरचा लाल डाग

आजचा धागा राजांचा नाही आणि लढायांचाही नाही. तो एका गोळ्याचा आहे. हा गोळा १८२४ साली पॅरिसमध्ये कागदावर मांडला गेला, पुढे लंडनमध्ये लाखेच्या रूपात प्रयोगशाळेत आला, एका इटालियन निर्वासिताच्या हातून विद्युत्शास्त्रात स्थिरावला आणि आज दर पावसाळ्यात तो आपल्या डोक्यावर असंख्य संख्येने पडत असतो.

निमित्त घरगुती आहे. गेल्या जुलैतली गोष्ट. आम्ही करंजाड्यात राहतो. गॅलरीतून एका बाजूला माथेरान-प्रबळगडाची रांग दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दुसरीकडे कर्नाळ्याचा सुळका. गाढी नदी जवळच, त्यामुळे पावसाचा जोर वाढला की इमारतीतल्या सगळ्यांचे डोळे फोनवरच्या रडारच्या चित्राकडे लागतात. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे बघ, पनवेलवर लालभडक दाखवतंय. आणि बाहेर तर नुसते चार टपोरे थेंब. परवा हिरवं होतं तेव्हा मात्र धो धो कोसळला. हे यंत्र पाऊस बघतं की आणखी काही?”

प्रश्न अचूक होता. हे यंत्र पाऊस बघत नाही. ते प्रत्येक थेंबाच्या पृष्ठभागावर क्षणभर उमटणारे विद्युत् भार बघते, आणि तेही असे भार की जे थेंबातून कधी बाहेर काढता येत नाहीत. त्यांना बद्ध भार म्हणतात. ते आहेत हे कसे कळले, गोलाकार वस्तूवर ते कसे मांडले जातात आणि काकूंच्या फोनवरचा लाल डाग का फसवतो, हा आजचा विषय.

सुरुवात लाखेपासून करू. लाख आपल्याला बांगड्या आणि लखोट्यांमुळे ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात ती हिंदुस्थानातून युरोपात जात असे आणि तिचा उत्तम विद्युत्‌रोधक म्हणून उपयोग होई. १८३७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी पितळेची दोन अगदी सारखी उपकरणे करवून घेतली. प्रत्येकात एक पोकळ गोल आणि त्याच्या आत, त्याला न शिवणारा दुसरा गोल. मधली जागा हवेने भरलेली. आतल्या गोलावर भार दिला की तो साठून राहतो. मग फॅरेडेंनी एका उपकरणातल्या मधल्या जागेच्या खालच्या अर्ध्या भागात लाखेची जाड वाटी बसवली. दुसऱ्यात हवाच ठेवली.

आता कसोटी. एका उपकरणाला भार द्यायचा, त्याची पातळी मोजायची, मग ते दुसऱ्या, रिकाम्या उपकरणाला क्षणभर जोडायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन्हींत हवा असेल तर भार निम्मा-निम्मा वाटला जाईल आणि १०० ची पातळी ५० वर येईल. पण लाखेचे उपकरण दीडपट भार सामावू शकत असेल, तर उत्तर वेगळे येते. लाखेच्या उपकरणाला आधी भार दिला तर १०० ची पातळी ६० वर थांबते, आणि हवेच्या उपकरणाला आधी दिला तर ४० वर घसरते. (हे आकडे हिशोब समजावा म्हणून मी घेतलेले आहेत.) फॅरेडेंनी प्रयोग असा दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहिला, आणि ही खरी हुशारी. कारण अशा प्रयोगांत भार सतत गळत असतो. गळतीमुळे आलेला फरक दोन्ही वेळा पातळी खालीच नेईल. खऱ्या फरकामुळे मात्र एकदा ती निम्म्याच्या वर राहील आणि एकदा खाली जाईल. गळती आणि शोध यांतला फरक असा ओळखता येतो.

उत्तर दीडपटीच्या आसपास आले. अर्ध्याच जागेत लाख होती, म्हणजे पूर्ण भरली असती तर सुमारे दुप्पट. गंधकासाठी त्यांनी २.२४ हा आकडा काढला. यालाच आज आपण डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतो. हवेसाठी तो जवळजवळ १, लाखेसाठी ३ च्या आसपास आणि पाण्यासाठी ८० च्या आसपास असतो.

यापूर्वी बहुतेकांची समजूत अशी होती की वीज धातूंवर राहते आणि मधला विद्युत्‌रोधक केवळ भिंतीसारखा उभा असतो. फॅरेडेंच्या वाटीने दाखवले की ती भिंत स्वतः काहीतरी करते. या पदार्थांना नाव हवे होते, ते केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांनी सुचवले: डायइलेक्ट्रिक. त्यातल्या ‘डाय’चा ग्रीक अर्थ ‘मधून, आरपार’. विजेचा प्रभाव ज्याच्या आरपार चालतो तो पदार्थ. आपल्या मराठी परिभाषेत याला ‘विद्युत् अपारक’ म्हणतात, म्हणजे ज्यातून पार होत नाही तो! एकच वस्तू, आणि दोन भाषांनी तिच्या दोन विरुद्ध बाजू पकडल्या. दोन्ही खऱ्या आहेत. भार पार होत नाही, प्रभाव पार होतो. मला व्यक्तिशः हा विरोधाभास संपूर्ण विषयाची किल्ली वाटतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक नोंद करायलाच हवी. हेन्री कॅव्हेंडिश या विक्षिप्त आणि अबोल शास्त्रज्ञाने हाच गुणधर्म १७७० च्या दशकात मोजून ठेवला होता, पण छापला नाही. त्याची टिपणे मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. फॅरेडेंना त्याचा पत्ता नव्हता. शतकभर कागद पेटीत पडून राहिले की श्रेय कुठे जाते, याचे हे ठळक उदाहरण.

तर, लाख काय करते? तिच्यातला कोणताही भार जागा सोडून पळत नाही. पण प्रत्येक रेणूत धन आणि ऋण दोन्ही असतात, आणि बाहेरून विद्युत् क्षेत्र लावले की धन बाजू किंचित एकीकडे आणि ऋण बाजू किंचित दुसरीकडे सरकते. या क्रियेला ध्रुवण म्हणतात. पदार्थाच्या पोटात एका रेणूची धन बाजू पुढच्या रेणूच्या ऋण बाजूला खेटून असते, त्यामुळे तिथे बाकी शून्य. हिशोब जुळत नाही तो फक्त कडेला, जिथे पुढचा रेणूच नाही. तिथे भार उघडा पडतो. हाच बद्ध भार.

हा भार धातूवरच्या मुक्त भारापेक्षा वेगळा कसा ओळखायचा? धातूचा गोळा क्षेत्रात ठेवा, तो तिथेच दोन अर्ध्यांत वेगळा करा आणि मग क्षेत्र काढून घ्या. एक अर्धा धन राहील, दुसरा ऋण. लाखेच्या गोळ्याचे तसेच दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला स्वतःची धन आणि ऋण कड असते, आणि क्षेत्र काढताच दोन्ही तुकडे कोरे. ज्याने लहानपणी चुंबकाची पट्टी मोडून पाहिली आहे, त्याला हे ओळखीचे वाटेल. ही ओळख योगायोगाने आलेली नाही, कारण गणिताचा जन्मच चुंबकातून झाला.

आता गोळ्याचे गणित. यासाठी एक सुंदर कल्पना आहे आणि ती कागद-पेन्सिलीने करता येते. एकाच आकाराचे दोन गोळे एकमेकांत पूर्ण मिसळलेले आहेत असे समजा. एक सर्वत्र सारखा धन, दुसरा सर्वत्र सारखा ऋण. एकावर एक असताना सगळीकडे शून्य. आता धन गोळा केसभर उजवीकडे सरकवा. मधला सारा भाग अजूनही एकमेकांवरच आहे, तिथे शून्यच. पण उजव्या कडेला धन भाराची आणि डाव्या कडेला ऋण भाराची पातळ कोर उघडी पडते. चंद्राची कोर जशी मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळती, तशीच ही. क्षेत्राच्या दिशेला असलेल्या ध्रुवावर भार सर्वांत दाट, विषुववृत्तावर शून्य. क्षेत्राच्या दिशेपासूनचा कोन θ असेल तर भार cos θ च्या प्रमाणात बदलतो.

या दोन कोरींचे स्वतःचेही क्षेत्र असते आणि गोळ्याच्या आत ते बाहेरच्या क्षेत्राच्या उलट दिशेने जाते. गोलाकाराची करामत अशी की आतल्या प्रत्येक बिंदूवर हे उलटे क्षेत्र एकसारखे असते. त्याचे मान ध्रुवणाच्या एक तृतीयांश भरते. तिसरा हिस्सा का? कारण तिन्ही दिशा गोळ्याला सारख्याच आहेत आणि तिघींची वाटणी समान होते. बाहेरचे क्षेत्र E₀, आतले E, ध्रुवण P आणि स्थिरांक ε असेल, तर दोनच ओळी लिहायच्या:

E = E₀ − P / 3ε₀
P = ε₀ (ε − 1) E

दुसरी ओळ पहिलीत घातली की

E = 3 E₀ / (ε + 2)

पहिली ओळ सांगते की बद्ध भार आतले क्षेत्र कमी करतात. दुसरी सांगते की ध्रुवण होते ते उरलेल्या, कमी झालेल्या क्षेत्रामुळे. म्हणजे गोळा स्वतःच्याच प्रतिक्रियेला आवर घालतो. पाण्यासाठी ε म्हणजे ८० धरा: आत उरते ३/८२, म्हणजे बाहेरच्या क्षेत्राचा जेमतेम सत्ताविसावा हिस्सा. उलट ध्रुवाच्या लगेच बाहेर क्षेत्र जवळजवळ तिप्पट होते. आणि दुरून पाहणाऱ्याला सारा गोळा एका लहानशा द्विध्रुवासारखा दिसतो, ज्याचे बळ दोन गोष्टींवर ठरते: त्रिज्येचा घन, आणि हा गुणक:

K = (ε − 1) / (ε + 2)

पाण्यासाठी K = ७९/८२ = ०.९६. परिपूर्ण धातूच्या गोळ्यासाठी हाच गुणक बरोबर १ येतो. म्हणजे पाण्याचा थेंब, ज्यातला एकही रेणू आपला भार सोडायला तयार नाही, तो बाहेरून जवळपास धातूच्या गोळीइतकाच जोमदार दिसतो.

हे गणित प्रथम कोणी केले? विजेसाठी कोणीच नाही. सिमेओं-दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ मध्ये चुंबकत्वावर मोठा प्रबंध मांडला. त्यात त्याने दाखवले की चुंबकित वस्तूच्या अंतर्भागाचा सारा परिणाम पृष्ठभागावरच्या काल्पनिक ‘चुंबकी द्रवा’च्या थराने दाखवता येतो. पृथ्वीच्या एकसारख्या क्षेत्रात ठेवलेल्या लोखंडी गोळ्याचे उत्तर त्यातूनच मिळते. करंजाड्यापासून जवळच, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून सुरू झालेल्या चुंबकीय मोजणीपर्यंत जातो. त्या मोजणीमागच्या शास्त्रातला एक खांब प्वासाँच्या या प्रबंधाचा आहे. पुढे विल्यम टॉमसनने जहाजांच्या होकायंत्राच्या दोन बाजूंना लोखंडी गोळे बसवले, जहाजाच्या लोखंडामुळे येणारी चूक दुरुस्त करण्यासाठी. तेही हेच गोळे.

याच टॉमसनने १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दाखवून दिले की फॅरेडेंच्या लाखेचे निष्कर्ष जुन्या गणिताशी अजिबात भांडत नाहीत. प्वासाँच्या चुंबकाच्या जागी विद्युत् अपारक ठेवा, सगळे जुळते. आणि या बदलाचा पूर्ण व्याप ज्याने पेलला तो ओत्ताव्हियानो-फाब्रित्सिओ मोस्सोत्ती.

या माणसासाठी वेगळा धागा हवा. लोंबार्दीत काम करणारा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, ऑस्ट्रियाच्या राजवटीविरुद्धच्या हालचालींत संशय आल्यामुळे १८२३ मध्ये परागंदा झालेला. लंडनमार्गे थेट ब्युनोस आयर्स, तिथे वेध घेणे आणि शिकवणे. मग कोर्फू बेट, आणि अखेरीस पिसा विद्यापीठात प्राध्यापकी. १८४८ मध्ये इटलीत स्वातंत्र्याचे युद्ध पेटले तेव्हा विद्यार्थ्यांची पलटण घेऊन हा साठीकडे झुकलेला प्राध्यापक कुर्तातोनेच्या रणांगणावर उतरला. आणि १८५० मध्ये त्याचा विद्युत् अपारकांवरचा प्रबंध छापला गेला. त्याने रेणूंना सूक्ष्म वाहक गोळे मानले आणि प्रत्येक गोळ्याला प्वासाँचे सूत्र लावले. १८७९ मध्ये रुडॉल्फ क्लाउसियुस यांनी तेच नव्या, नेटक्या रूपात मांडले. आज पाठ्यपुस्तकांत नाव येते ते ‘क्लाउसियुस–मोस्सोत्ती’. प्वासाँ त्यातून गळाला. मला हे अन्यायाचे वाटते, पण श्रेयाच्या वह्या अशाच लिहिल्या जातात.

एक सावधगिरी, कारण परीक्षेत आणि चर्चांमध्ये येथे नेहमी घोळ होतो. (ε − 1)/(ε + 2) हा गुणक दोन ठिकाणी भेटतो. एक, रेणूंच्या गुणांवरून पदार्थाचा ε काढायला. दोन, ε आधीच मोजलेला असताना त्या पदार्थाच्या गोळ्याची प्रतिक्रिया काढायला. पहिला उपयोग पाण्याच्या बाबतीत साफ कोसळतो, कारण पाण्याचे रेणू जन्मतःच द्विध्रुव असतात, एकमेकांना घट्ट धरून असतात आणि क्षेत्रात केवळ ताणले न जाता फिरतात. दुसरा उपयोग मात्र पाण्यालाही बिनदिक्कत चालतो, कारण तिथे ε मोजून घेतलेला असतो. तो कसा तयार झाला याची गोळ्याला फिकीर नसते. रडारला हवा आहे तो हा दुसरा उपयोग.

आता रडारकडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन रडारांची तरंगलांबी काही सेंटिमीटरपर्यंत खाली आली तेव्हा पडद्यावर विमानांबरोबर नको ते ढगही उमटू लागले. पाऊस ही प्रथम अडचण होती. ब्रिटनमध्ये जे. डब्ल्यू. राइड यांनी थेंबांपासून किती प्रतिध्वनी येईल याचा हिशोब केला, आणि युद्ध संपल्यावर ती अडचणच हवामानशास्त्राचे साधन झाली.

मुंबईत कुलाब्याला हवामान खात्याचे जे डॉप्लर रडार आहे त्याची तरंगलांबी सुमारे १० सेंटिमीटर. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा, फार तर पाच-सहा. समुद्राच्या लांब लाटेवर तरंगणारे बोराएवढे बूच आठवा. लाट त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वेगळी भासतच नाही. तसेच, थेंबाच्या अल्याड-पल्याड रडारचे क्षेत्र कोणत्याही क्षणी एकसारखेच असते. म्हणजे ‘एकसारख्या बाह्य क्षेत्रात ठेवलेला विद्युत् अपारक गोळा’ ही पाठ्यपुस्तकातली स्थिती करंजाड्याच्या आकाशात शब्दशः अवतरते. फरक इतकाच की क्षेत्र सेकंदाला जवळपास तीन अब्ज वेळा दोलायमान होते आणि थेंबाच्या दोन्ही कोरींवरचे बद्ध भार तितक्याच वेळा धन-ऋण होत राहतात. हलता द्विध्रुव स्वतः तरंग फेकतो. त्यातला इवलासा अंश कुलाब्याकडे परत जातो. तोच प्रतिध्वनी.

द्विध्रुवाचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, आणि फेकलेली शक्ती त्या बळाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. आणि K चा वर्ग, पाण्यासाठी ०.९६३ × ०.९६३ म्हणजे ०.९३, हा आकडा हवामान रडारच्या समीकरणात स्थिरांक म्हणून कायमचा जाऊन बसला आहे. प्वासाँचा गोळा त्या ०.९३ मध्ये लपलेला आहे.

काकूंचे कोडे सहाव्या घातात आहे. कुलाब्यापासून करंजाडे सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर. रडारचा झोत येथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून काहीशे मीटर वर गेलेला असतो. त्या उंचीवरची एक घनमीटर हवा कल्पनेत घ्या आणि तीत दोन प्रकारचे पाऊस भरून पाहा.

पहिल्या घनमीटरात ४ मिलिमीटर व्यासाचा एकच टपोरा थेंब आहे. त्याचा सहावा घात ४०९६. दुसऱ्या घनमीटरात १ मिलिमीटरचे ४०९६ थेंब आहेत. प्रत्येकाचा सहावा घात १, बेरीज पुन्हा ४०९६. रडारला दोन्ही घनमीटर हुबेहूब सारखे. पण पाणी मोजा. पहिल्यात ते एका ग्रॅमच्या तिसाव्या भागाएवढे. दुसऱ्यात दोन ग्रॅमच्या वर. टपोरा थेंब सेकंदाला जवळपास नऊ मीटरने पडतो, लहान सुमारे चार मीटरने. हा वेग हिशोबात घेतला तर पहिला पाऊस तासाला १ मिलिमीटर भरतो आणि दुसरा तासाला ३० मिलिमीटर. एक अंगणातली धूळ नीट बसवणार नाही, दुसरा तासाभरात गटारे भरेल. चित्रात रंग मात्र एकच.

खरा पाऊस कधीच एका मापाच्या थेंबांचा नसतो, म्हणून प्रत्यक्षात एक सरासरी नाते वापरतात. कॅनडातले मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांच्या आकारांची वाटणी मोजून मांडली. त्यांच्या नावाने चालणारे सूत्र असे:

Z = 200 R^1.6

Z म्हणजे घनमीटरातल्या साऱ्या थेंबांच्या सहाव्या घातांची बेरीज, R म्हणजे ताशी मिलिमीटर पाऊस. Z च्या जागी ४०९६ घाला, उत्तर येते ६.६. म्हणजे जिथे खरे उत्तर १ किंवा ३० आहे तिथे रडार साडेसहा सांगेल, आणि प्रामाणिकपणे सांगेल. चूक यंत्राची नाही. थेंबांची वाटणी ठरलेली आहे असे गृहीत धरण्याची ती किंमत आहे. आपल्या किनाऱ्यावरचा भर आषाढातला पाऊस बऱ्याचदा लहान थेंबांनी दाट असतो, वळवाचा किंवा गडगडाटी ढगाचा पाऊस टपोऱ्या थेंबांनी विरळ. काकूंचा हिरवा धो धो आणि लाल रिमझिम या नात्याच्या दोन टोकांवर उभे होते.

दुसरी फसगत बर्फाची. आपल्या मोसमी ढगांतही पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्याला येते आणि त्यावर बर्फ असतो. बर्फात तेच पाण्याचे रेणू आहेत, पण जखडलेले. रडारच्या वेगाने त्यांना फिरता येत नाही, म्हणून ε ८० वरून ३.२ वर कोसळतो आणि K चा वर्ग ०.९३ वरून सुमारे ०.१८ वर. तेवढ्याच आकाराचा बर्फाचा गोळा पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच दिसतो. पण हाच बर्फाचा कण खाली येताना वितळू लागला की त्यावर पाण्याचे कातडे चढते. रडारला बाहेरून तो जवळजवळ सबंध पाण्याचा वाटतो, आणि आकार मात्र अजून फुगलेल्या हिमकणाचा. सहावा घात त्या मोठ्या आकाराचा लागतो. त्यामुळे वितळण्याच्या पातळीवर एक झगझगीत पट्टा उमटतो. तिथे पाऊस जास्त नसतो, फक्त बद्ध भारांना मोठा पृष्ठभाग मिळालेला असतो. करंजाडे रडारच्या जवळ असल्याने खालचा झोत या पट्ट्याच्या पुष्कळ खालून जातो. पण दोनशे किलोमीटरवर पृथ्वीच्या वक्रतेमुळे तोच झोत चार किलोमीटरच्या वर पोहोचलेला असतो आणि तिथले लाल रंग जपूनच वाचावे लागतात.

२६ जुलै २००५ ची आठवण या भागात प्रत्येक घरात आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. कुलाब्याचे त्यानंतर आले आणि जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीला दुसरे. वेरावलीच्या रडारची तरंगलांबी कुलाब्याच्या जवळपास निम्मी आहे. निम्म्या तरंगलांबीला पाच-सहा मिलिमीटरचा थेंब इतका ‘लहान’ राहत नाही. पाण्याच्या आत तरंग नऊपट आखूड होतो, थेंबाच्या दोन टोकांना क्षेत्र वेगळे भासू लागते आणि आपले एकसारख्या क्षेत्राचे सोपे सूत्र तिथे कुरकुरते. शिवाय मुसळधार पावसातून जाताना हा तरंग अधिक क्षीण होतो, म्हणून एका जोरदार सरीच्या पाठीमागची दुसरी सर फिकी दिसू शकते. चित्रात रडारपासून दूर जाणारी, सरीच्या मागे पडलेली फिकट सावली दिसली तर संशय घ्यावा.

मग टपोरा एक आणि लहान चार हजार, हे वेगळे ओळखायचे कसे? येथे गोळा गोळा राहत नाही. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने चपटा होतो, भाकरीच्या उंड्यासारखा, वर फुगीर आणि खाली सपाट. एक मिलिमीटरचा मात्र जवळजवळ गोलच राहतो. मघाशी म्हटले की उलट्या क्षेत्राचा एक तृतीयांश हिस्सा येतो तो तिन्ही दिशा समान असल्यामुळे. चपट्या थेंबात ही समानता मोडते. आडव्या दिशेला बद्ध भारांच्या कोरी एकमेकींपासून लांब जातात, त्यांचे उलटे क्षेत्र दुबळे पडते आणि ध्रुवण वाढते. उभ्या दिशेला नेमके उलट. म्हणून नव्या पद्धतीची रडारे एक आडवे क्षेत्र पाठवतात आणि एक उभे, आणि दोन्ही प्रतिध्वनींची तुलना करतात. दोन्ही सारखे आले तर थेंब लहान आणि गोल, आडवा वरचढ ठरला तर मोठे आणि चपटे.

काकूंना मी हे सगळे गॅलरीत उभी राहून सांगितले. अर्थात प्वासाँ वगळून. त्यांनी हात बाहेर काढला, तळव्यावर पडलेला थेंब बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “चपटा आहे म्हणतेस? मग आज गाढी चढायची नाही.” आणि कपडे वाळत घालायला गेल्या.